चार टिंबं आणि एक 'बरं का'

आपल्याकडे समीक्षा होते ती कादंबऱ्यांची, नाटकांची, फारच झालं तर कवितासंग्रहांची. पण ज्या साहित्याचे सर्वाधिक वाचक आहेत, आणि तेही सकाळच्या चहाआधी, त्या कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या निरोपाकडे समीक्षकांनी कायम पाठ फिरवली आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी आमच्या शाखेतली एक सव्वीस शब्दांची कलाकृती मी परीक्षणाला घेतो. लेखिका आमच्याकडच्या नव्या अधिकारी. ग्रुपवर टाकण्याआधी त्यांनी ती मला दाखवली आणि म्हणाल्या, "जरा तपासून द्या हो. पण सर्क्युलर करू नका!"

मूळ संहिता अशी:

"मंडळी उद्या सर्व्हर बंद असणारे सकाळी १० ते ११ ग्राहकांना आत बसवा पासबुक घेउन ठेऊ नका ज्यांच खात नवीन आहे त्यांना नंतर या म्हणाव बर का"

सर्क्युलर होण्याची भीती खोटी नव्हती. आमच्या हेडक्लार्कांच्या हाती हा कागद पडला असता, तर पाच मिनिटांत त्याचं "सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की" झालं असतं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात खोट काढता आली नसती. फक्त ते वाचून निम्म्या शाखेला वाटलं असतं, की कुणीतरी सस्पेंड झालं!

शुद्ध म्हणजे छापील, आणि बोलल्यासारखं म्हणजे अशुद्ध, ही समजूत पुष्कळ सुशिक्षितांच्या मनात घट्ट बसलेली आहे. म्हणून 'खात' दिसलं की ते त्याचं 'खाते' करतात, 'म्हणाव'चं 'म्हणावे' करतात, आणि निरोपाला कोट-टाय चढवून मोकळे होतात. वास्तविक मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, त्यांत या बोलक्या रूपांची सोय आहे. लिहिताना 'खाते' लिहा किंवा बोलल्याप्रमाणे 'खातं' लिहा. दुसऱ्या रूपात शेवटच्या अक्षरावर टिंब द्या, एवढंच. 'खाते' शुद्ध, 'खातं'ही शुद्ध. 'खात' मात्र जेवणाच्या पानावर शोभतं. "त्यांच खात बंद करा" असा निरोप आला तर कारकुनानं खातं बंद करावं, की खातेदाराच्या हातातला वडा काढून घ्यावा?

आता पाहा, आपल्या संहितेत अशी चार टिंबं गळली आहेत: 'ज्यांचं', 'खातं', 'म्हणावं' आणि 'बरं'. ही चार टिंबं दिली की मजकूर शुद्ध होतो आणि बाईंचा आवाज जिथल्या तिथे राहतो. एकही शब्द बदलावा लागत नाही.

मात्र टिंबाची चटक लागली की माणूस मिठासारखी टिंबं भुरभुरवू लागतो. "पैसे जमा झालं" असं लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. पैसा हा पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन पैसे. तिथला एकार बोलतानाही एकारच असतो. आपण "पैसे आले" म्हणतो, "पैसं आलं" म्हणत नाही. 'ते खाते'चं 'ते खातं' होतं, 'ती घरे'ची 'ती घरं' होतात, म्हणजे हा कारभार नपुंसकलिंगाचा आहे. कसोटी सोपी आहे. वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा. तोंडातून जे येईल तेच कागदावर. आणि एकदा टिंबाचा रस्ता धरला की शेवटपर्यंत त्याच रस्त्यानं जावं. 'ज्यांचं खाते' म्हणजे लेंग्यावर कोट.

यानंतर 'घेउन' आणि 'ठेऊ'. इथं बोलीचा काही संबंध नाही, या सरळ चुका आहेत आणि दुरुस्त केल्यानं कुणाचा सूर बिघडत नाही. 'घेऊन'मधला ऊ दीर्घ. 'ठेऊ'चं दुखणं निराळं आहे. आज्ञा करून पाहिली की ते कळतं. 'घे' म्हणताना शेवटी 'व' नाही, म्हणून 'घेऊ'. 'ठेव' म्हणताना 'व' आहे, म्हणून 'ठेवू'. जेव, जेवू, दे, देऊ. एवढं लक्षात राहिलं तर शब्दकोश उघडायचीही गरज नाही.

'असणारे' या शब्दाशी मात्र मी बराच वेळ झुंजलो. बोलताना 'असणार आहे'चं 'असणारे' होतं, ते कानाला गोडही लागतं. 'आलाय', 'करतोय' ही अशीच जोडलेली रूपं आहेत आणि ती मी कधी तोडत नाही. पण 'असणारे' याला लिहिताना दुसरा अर्थ आहे. 'बंद असणारे सकाळी १० ते ११ ग्राहक' असं कुणी वाचलं, तर ग्राहक बंद असतात की काय, अशी शंका येते. तेव्हा बोली रूप दिशाभूल करत नसेल तर ठेवावं, करत असेल तर सोडावं. इथं 'असणार आहे'.

आता या कलाकृतीतलं सर्वांत मोठं रहस्य: "१० ते ११ ग्राहकांना आत बसवा." म्हणजे बारावा आला तर बाहेर? आमच्या शिपायानं ते अक्षरशः पाळलं असतं आणि दाराशी मोजदाद करत बसला असता. अकरानंतर एक स्वल्पविराम दिला तरी भागेल, पण फोनच्या काचेवर स्वल्पविराम कुणाला दिसतो? त्यापेक्षा वेळ आपल्या क्रियापदाजवळ नेऊन बसवावी आणि पुढची सूचना नव्या ओळीवर घ्यावी.

'नंतर या' म्हणजे कधी? इथं तपासणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं काही घालू नये, विचारावं. विचारलं, उत्तर आलं, "अकरानंतर."

राहिला तो 'बरं का'. काटकसरी तपासनीस पहिली कुऱ्हाड त्यावरच चालवतो, कारण त्याला अर्थ नाही. अर्थ नाही खरा, पण हुकमाची विनंती होते ती त्याच दोन शब्दांमुळे. त्यापुढे पूर्णविरामही मी दिला नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली संशोधकांना आढळलं, की मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते वाचणाऱ्याला कमी मनापासून दिलेलं वाटतं. हस्तलिखित चिठ्ठीत मात्र तसं वाटत नाही. तो अभ्यास इंग्रजी उत्तरांचा होता, त्याचा मराठी कायदा करू नये. पण 'बरं का' पुढचा ठिपका मलाही टेबलावर डस्टर आपटल्यासारखा वाटतो.

अंतिम संहिता अशी:

"मंडळी, उद्या सकाळी १० ते ११ सर्व्हर बंद असणार आहे.
ग्राहकांना आत बसवा, पासबुक घेऊन ठेवू नका.
ज्यांचं खातं नवीन आहे त्यांना ११ नंतर या म्हणावं, बरं का"

हे सगळं पाठवण्याआधी करायचं असतं. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, पण ज्यानं आधीच वाचला तो पुन्हा वर जाऊन पाहत नाही. टिंब राहिलं असेल तर गुपचूप बदलावं. वेळ चुकली असेल तर बदलून भागत नाही, नवा निरोप टाकावा. नाहीतर अर्धी शाखा दहाला येईल, अर्धी अकराला, आणि दोघांच्याही फोनवर पुरावा असेल.