पन्नास आणि पाच यांच्या मधलं

भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये माझी उमेदवारी गेली. तिथे एस्टिमेशनच्या टेबलावर एक कागद आला होता, तो मला अजून आठवतो. चाकणकडच्या एका कारखान्यात धुलाईतून निघालेलं ९० अंशांचं पाणी ईटीपीच्या जैविक टाकीत सोडायचं होतं. टाकीतल्या जिवाणूंसाठी ते ३५ अंशांवर आणणं भाग होतं. दर सेकंदाला २ लिटर गरम पाणी, आणि थंड करायला कूलिंग टॉवरचं पाणी, जे ३० अंशांना आत येऊन ४० अंशांना बाहेर पडेल. दोन्ही प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने. गरम टोकाला दोन पाण्यांमधली तफावत ९० वजा ४०, म्हणजे ५०. थंड टोकाला ३५ वजा ३०, म्हणजे ५.

हिशोब करणाऱ्याने ५० आणि ५ मिळवून दोनाने भागले होते. उत्तर साडेसत्तावीस. उष्णता साधारण ४६० किलोवॉट, आणि दर चौरस मीटरला दर अंशाला १ किलोवॉट पलीकडे जातं असं धरलं, तर पृष्ठभाग हवा १६.७ चौरस मीटर. एलएमटीडीने, म्हणजे लॉगरिदमिक सरासरीने, हीच तफावत १९.५ येते आणि पृष्ठभाग २३.५ चौरस मीटर. दोन आकड्यांत जवळजवळ सात चौरस मीटर ट्यूबांचं अंतर आहे.

या सूत्राकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, ते एखाद्या आवडत्या बंदिशीकडे वळावं तसं. लिहायला ते एवढंसं आहे: दोन टोकांच्या तफावतींची वजाबाकी, भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. पण ते नीट वाचायचं असेल तर आधी एक्स्चेंजरच्या आतून चालत जावं लागतं.

गरम टोकाकडून निघा. ट्यूबच्या भिंतीच्या एका लहानशा तुकड्यातून किती उष्णता पलीकडे जाते, हे तिथल्या तफावतीवर ठरतं. तफावत दुप्पट, तर उष्णता दुप्पट. तेवढ्या उष्णतेने गरम पाणी थोडं निवतं. उलट्या दिशेने वाहणारं थंड पाणीही आपण चालतोय त्या दिशेने पाहिलं तर थोडं थंड होत जातं, पण फार कमी. या उदाहरणात गरम पाणी साडेपाच अंश उतरतं तेव्हा थंड पाणी एकच अंश उतरतं, म्हणून तफावत साडेचार अंशांनी आटते. याचा अर्थ असा की तफावत जितकी मोठी, तितकी ती वेगाने आटते. ती स्वतःलाच खात जाते, आणि थोडी उरते तेव्हा सावकाश खाते.

आता एक्स्चेंजरच्या पृष्ठभागाचे चार सारखे भाग करा आणि प्रत्येक जोडावर तफावत मोजा. ५०, २८, १६, ९, ५. ही ओळ मोठ्याने वाचून पाहा. प्रत्येक पावलाला ती आधीच्या सुमारे ५६ टक्के उरते. पहिल्या पावलात २२ अंश गेले, शेवटच्यात फक्त ४. साध्या सरासरीचा साडेसत्तावीस हा आकडा पहिला चतुर्थांश भाग ओलांडताच मागे पडतो, आणि उरलेला तीन चतुर्थांश एक्स्चेंजर त्याहून कमी तफावतीवर काम करत असतो. साधी सरासरी असं गृहीत धरते की तफावत सरळ उतारावर सारखी घसरते. इथे मात्र उतार आधी कड्यासारखा आहे आणि मग लांबलचक सपाटी आहे. निम्म्या पृष्ठभागात तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता निघून जाते. शेवटच्या पाच अंशांपर्यंत पोचायला उरलेला निम्मा लागतो.

आता सूत्रातला भाजक आपोआप उलगडतो. प्रत्येक तुकड्यावर तफावत स्वतःच्या ठरावीक अंशाने घटते. ते सगळे अंश एकत्र केले की १० च्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग मिळतो, २.३०३. एकूण घट ४५. म्हणजे ‘सरासरी तफावत गुणिले २.३०३ बरोबर ४५’ एवढंच सूत्र सांगतं, आणि ४५ ला २.३०३ ने भागलं की १९.५. भाज्य म्हणजे किती उतरलो, भाजक म्हणजे उतरायला किती वाट लागली. मला हे फार सुंदर वाटतं की ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ इथे बाहेरून लादलेला नाही. तो पाण्याच्या वागण्यातूनच निघाला आहे.

मग साधी सरासरी सगळीकडेच चुकते का? नाही. हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधला क्वेंच ऑइलचा कूलर घ्या. तेल ७५ वरून ५५ वर येतं, पाणी ३० वरून ४० वर जातं. टोकांना तफावत ३५ आणि २५. साधी सरासरी ३०, लॉगची २९.७. कोणाला फरक कळणारही नाही. एक टोक दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर साधी सरासरी चारच टक्के जास्त दाखवते. दसपट झालं की चाळीस टक्के. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते, आणि थंड टोकाला पाणी अगदी जवळ आणायला सांगितलं की एकदम उघडी पडते.

उघडी पडते कशी? १६.७ चौरस मीटरचाच एक्स्चेंजर बसवला असता, तर गरम पाणी ३५ वर न येता ४० वर थांबलं असतं. साइटवर लगेच म्हणतात, ट्यूबांवर क्षार बसला असेल. पण क्षाराचा थर हळूहळू चढतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान महिनोन्‌महिने वर सरकत जातं. पृष्ठभागच कमी असेल तर पहिल्याच दिवशी, चकचकीत ट्यूबांवर, थर्मामीटर ४० दाखवतो. म्हणून चालू करताना चारही तोंडांची तापमानं लिहून ठेवावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे.

एक्सेलच्या शीटमध्ये आणखी एक खड्डा आहे. `LN` च्या जागी `LOG` लिहिलं, तर तो दहाच्या पायाचा लॉग घेतो. दहाचा लॉग १, आणि उत्तर येतं ४५. ते पकडायला ताळा सोपा आहे. खरी एलएमटीडी साध्या सरासरीहून कधीच मोठी नसते आणि दोन तफावतींच्या गुणाकाराच्या वर्गमूळाहून कधीच लहान नसते. इथे ती १५.८ आणि २७.५ यांच्या मध्येच हवी. आणि दोन्ही टोकं तंतोतंत सारखी असली तर शीट `#DIV/0!` म्हणते. तेव्हा सूत्र मोडलेलं नसतं, तफावत सगळीकडे सारखी असते आणि तीच सरासरी.

त्या कागदावर अजून एक गोष्ट होती, जी मला उशिरा दिसली. ड्रॉइंगमध्ये ट्यूबांचे दोन पास दाखवले होते: थंड पाणी एका बाजूने जायचं आणि वळून परत यायचं. म्हणजे निम्म्या वाटेवर दोन्ही पाणी एकाच दिशेने. आमचं गरम पाणी ३५ ला बाहेर पडायला हवं आणि थंड पाणी ४० ला; गरमाचा शेवट थंडाच्या शेवटाहून खाली. याच आकड्यांवर दोन पासचा हिशोब मांडला तर पृष्ठभाग कितीही वाढवा, गरम पाणी साधारण ३५.४ अंशांखाली जातच नाही. तिथे २३.५ काय आणि शंभर चौरस मीटर काय. एलएमटीडीचा १९.५ हा आकडा शुद्ध उलट प्रवाहासाठीच खरा आहे. आम्ही पास एकच ठेवला, शेल लांब केला, आणि ट्यूबशीटचं ड्रॉइंग नव्याने काढायला दिलं.