फ्रिजच्या दारातली खिडकी

आता पडद्यावरचं हे चित्र आपण पाहू. दुकानाच्या पहिल्या पानावरचा स्टीलचा फ्रिज. खिडकी डाव्या भिंतीत, बरणीची सावली उजवीकडे. इथवर आपला विश्वास बसतो. पण दारावरचा उजेडाचा पांढरा पट्टा उजव्या कडेला कसा? शिवाय या स्टीलवर आडव्या बारीक रेघा आहेत. अशा पत्र्यावर उजेड वर-खाली पसरतो, टोकं विरत जातात. इथे मात्र टोकं सुरीने कापल्यासारखी! म्हणजे पट्टा नंतर रंगवलेला, आणि फ्रिज बहुधा स्टुडिओत टिपून ओट्याशेजारी चिकटवलेला. प्रतिबिंब स्वच्छ हवं, कबूल. कॅमेरा, दिवे झाकावेत. पण खिडकीचा अंधूक उजेड डावीकडे राहू द्यायला हवा होता.