आकुंचित दिवसाचा नियम : एक परीक्षण

बाजारभावांच्या आलेखावरून व्यवहार करणाऱ्यांत एक नियम फार प्रिय आहे. आजचा उच्चांक कालच्या उच्चांकाखाली आणि आजचा नीचांक कालच्या नीचांकावर राहिला, की त्या दिवसास ‘इनसाइड बार’ म्हणावयाचे. आजचा पल्ला गेल्या चार किंवा सात दिवसांत सर्वांत लहान ठरला, की तो ‘अरुंद पल्ल्याचा दिवस’. दुसऱ्या दिवशी भाव ज्या टोकाबाहेर पडेल त्या दिशेने खरेदी अगर विक्री करावयाची, आणि पलीकडच्या टोकाशी स्टॉप-लॉस ठेवावयाचा.

या कल्पनेचे श्रेय सामान्यतः टोबी क्रेबल यांच्या १९९० च्या ग्रंथास दिले जाते. ते अंशतःच योग्य आहे. अरुंद दिवसांचे वर्गीकरण क्रेबल यांचे खरे. परंतु त्यांचा प्रवेश बहुतांशी दुसऱ्या दिवसाच्या आरंभभावापासून ठराविक अंतरावर होतो, आदल्या दिवसाच्या टोकांवर नव्हे. टोकांचा नियम लिंडा रॅश्की व लॉरेन्स कॉनर्स यांच्या १९९५ च्या पुस्तकात स्पष्टपणे येतो. तेथे दोन अटी एकत्र आहेत : दिवस आतला हवा आणि चार दिवसांत सर्वांत अरुंदही हवा. आपल्याकडील चर्चेत दुसरी अट बहुधा गळून पडते.

नियमाच्या समर्थनार्थ ‘आकुंचनानंतर प्रसरण होते’ असे सांगतात. हे खरे आहे, पण किती स्वस्तात खरे आहे ते पाहावे. रोजचे पल्ले परस्परांशी कसलाही संबंध नसलेले आहेत असे धरले, तरी सात दिवसांतील सर्वांत लहान पल्ल्यानंतरचा पल्ला त्याहून मोठा निघण्याची शक्यता आठात सात असते. कारण आठही दिवसांत नवा दिवसच सर्वांत लहान ठरण्याचा संभव आठात एकच. म्हणजे बाजारात कोणतेही रहस्य नसताना हा ‘शोध’ लागतोच. उलट प्रत्यक्षात शांत दिवसांमागून शांत दिवस येण्याची प्रवृत्ती असल्याने हे प्रमाण त्याहून कमीच अपेक्षावे. शिवाय प्रसरणाला दिशा नसते. व्यापाऱ्यास पैसा मिळतो तो दिशेतून.

आता गळालेल्या अटीची किंमत पाहू. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक सुमारे २३,१८० आणि २१,२८० यांच्या दरम्यान हेलकावला. पल्ला जवळजवळ १,९०० अंकांचा. ५ जूनला तो सुमारे २१,७९० ते २२,६७० यांत राहिला. व्याख्येप्रमाणे हा निर्दोष इनसाइड बार. पण त्याचा पल्ला ८८० अंकांचा होता, आणि दोनच दिवसांपूर्वी, ३ जूनला, पल्ला तीनशेच्याही आत होता. ज्यास आकुंचन म्हणावे असे येथे काहीच नव्हते. कालचे घर अवाढव्य म्हणून आजचा हत्ती आत मावला, इतकेच.

६ जूनला बाजार उघडलाच सुमारे २२,८०० वर. २२,६७० ला ठेवलेली खरेदी त्या भावास होणे शक्यच नव्हते; ती उघडत्या भावासच झाली असती, आणि स्टॉप-लॉसचे अंतर ८८० वरून १,०१० अंकांवर गेले असते. तेव्हाच्या २५ च्या लॉटप्रमाणे, फ्युचर्स व निर्देशांक यांतील फरक सोडून दिला, तर ही एका लॉटमागे सुमारे पंचवीस हजार रुपयांची जोखीम. दहा लाखांच्या भांडवलावर एका व्यवहारात एक टक्काच गमावण्याची मर्यादा पाळणाऱ्यास एकही लॉट घेता आला नसता. ७ जूनचा बंद भाव २३,२९० : दिशा अचूक, तरी दुसऱ्या दिवसाअखेर लाभ सुमारे ४९० अंक, म्हणजे पत्करलेल्या जोखमीच्या निम्म्याहून कमी. हा व्यवहार यशस्वी म्हणून नोंदला जाईल. नियमाच्या दृष्टीने मात्र तो घेण्याजोगाच नव्हता. रॅश्की-कॉनर्स यांची दुसरी अट त्यास दारातच अडविते.

विद्यार्थ्यांनी हा नियम जुन्या भावांवर पडताळताना आणखी एका ठिकाणी सावध असावे. दुसऱ्या दिवशी भाव आधी वरच्या टोकाबाहेर आणि मग खालच्या टोकाबाहेर गेला, तर दैनिक आकड्यांत केवळ उच्चांक व नीचांक दिसतात. कोणते टोक आधी तुटले हे कळत नाही. टोके जितकी जवळ, तितके असे दिवस अधिक, म्हणून हा दोष नेमका अरुंद दिवसांतच दाटतो. पुष्कळ संगणकीय पडताळण्यांत अशा वेळी अनुकूल क्रम मुकाट्याने गृहीत धरलेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे : दोन्ही टोके तुटलेले दिवस वेगळे काढावेत, ते सर्व पूर्ण तोट्याचे मानून हिशेब पुन्हा करावा, आणि नफ्याचे काय उरते ते पाहावे. फार थोडे उरत असेल, तर मिनिटामिनिटांचे भाव मिळविल्यावाचून पुढे जाऊ नये.