सर्वांत जलद क्रमवारी कोणती? – एका प्रश्नाविषयी

नायगावच्या शाळेत सहामाहीच्या सहाशे उत्तरपत्रिका बैठक क्रमांकाने लावायच्या असतील तर शिक्षक काय करतील? आधी 300 च्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन गठ्ठे, मग त्या गठ्ठ्यांचे गठ्ठे. पण दहा-बारा पेपर उरले, की पत्त्यांप्रमाणे एकेक पेपर हातातच जागी खोचतील. पद्धत मध्येच बदलली, हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही.

संगणकाची बहुतेक पाठ्यपुस्तके मात्र क्विकसॉर्ट (गठ्ठे पाडणे), इन्सर्शन सॉर्ट (खोचणे) आणि हीपसॉर्ट वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात आणि शेवटी विचारतात : सर्वांत जलद कोणती? आमचा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

टोनी होअर यांचा क्विकसॉर्ट एरवी फार वेगवान. पण गठ्ठा कोणत्या आकड्यापाशी फोडायचा, यावर सारे अवलंबून. समजा, 1024 आकडे आधीच क्रमाने आहेत आणि आपण दरवेळी पहिलाच आकडा निवडला. मग एका बाजूला काहीच नाही, दुसरीकडे उरलेले सगळे. तुलना होतील 1023 + 1022 + … + 1, म्हणजे 5,23,776. फोड नीट अर्धी झाली असती, तर साधारण दहा हजारांत भागले असते. मधला आकडा हुशारीने निवडला तरी धोका टळत नाही. निवडीचा नियम ठाऊक असेल, तर त्याला फसवणारी मांडणी रचता येते.

1997 मध्ये डेव्हिड मसर यांनी यावर साधा उपाय सुचवला, इंट्रोसॉर्ट. फोडीची खोली मोजत राहायची. 1024 म्हणजे 2 चा दहावा घात. दहाच्या दुप्पट, म्हणजे 20 पायऱ्या झाल्या तरी गठ्ठा संपत नसेल, तर तो हीपसॉर्टकडे द्यायचा. वरच्या उदाहरणात वीस पायऱ्यांत 20,270 तुलना होतात. उरलेल्या 1004 आकड्यांना हीपसॉर्ट आणखी सुमारे वीस हजार घेईल. सव्वापाच लाखांऐवजी चाळीस हजार!

मग सुरुवातीपासूनच हीपसॉर्ट का नको? त्याला वाईट दिवस नाही, जादा जागाही लागत नाही. पण तो स्मृतीत दूरदूर उड्या मारतो, म्हणून एरवी मागे पडतो.

आता लहान गठ्ठे. जीसीसीच्या सी प्लस प्लस ग्रंथालयात सोळा किंवा कमी आकडे उरले की फोड थांबते, आणि शेवटी सगळ्या यादीवरून एकदाच इन्सर्शन सॉर्ट फिरतो. प्रत्येक आकडा आपल्याच गठ्ठ्यात असल्याने तो फार तर पंधरा जागा सरकतो. एवढ्याशा कामासाठी फोडीचा सरंजाम महाग पडतो. हा 16 मात्र कोणत्या सूत्रातून निघत नाही. तो प्रत्यक्ष वेळ मोजून ठरवायचा असतो. विद्यार्थ्यांनी 8 व 64 घेऊन घड्याळ लावून पाहावे.