बाजूने पाच, विरोधात पाच: भाषावार प्रांतरचनेच्या एका ठरीव उत्तराची तपासणी

आजचा विषय परीक्षेतला आहे. ‘स्वातंत्र्यानंतर झालेल्या भाषावार प्रांतरचनेच्या बाजूचे व विरोधी युक्तिवाद सांगून आपले मत लिहा.’ पदवीच्या पेपरात हा प्रश्न असतो, स्पर्धा परीक्षेतही असतो, आणि त्याचं उत्तरही जवळजवळ ठरलेलं आहे. बाजूने पाच मुद्दे: कारभार लोकांना कळतो, शिक्षण मातृभाषेत होतं, संस्कृती टिकते, वगैरे. विरोधात पाच: एकात्मतेला धोका, अल्पसंख्याकांवर अन्याय, सीमावाद, वगैरे. शेवटी एक वाक्य, की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या उत्तरातलं एकही वाक्य तसं चुकीचं नसतं, तरी ते उत्तर वाईट आहे असं आम्ही म्हणतो. का, ते बघू.

बाजूने म्हणजे कशाच्या बाजूने? हा साधा प्रश्न त्या उत्तराला विचारून बघा. कारभार लोकांच्या भाषेत असावा, हा एक दावा. राज्याची हद्द भाषेवरून आखावी, हा दुसरा. आणि एका भाषेचे लोक एका राज्यात आले की सगळ्यांना न्याय मिळेल, हा तिसरा. हे तीन दावे वेगळे आहेत. पहिला मान्य करून दुसरा नाकारता येतो. दुसरा मान्य करून तिसरा नाकारता येतो. ठरीव उत्तर तिघांची एकच मोळी बांधतं. मग एका दाव्याच्या बाजूचा मुद्दा दुसऱ्याच दाव्याच्या विरोधातल्या मुद्द्यासमोर उभा राहतो आणि दोघांची गाठच पडत नाही.

हे तपासायला आपल्याला लांब जायला नको. आपण धावड्यात बसलो आहोत. आपला भोकरदन तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता; जालना जिल्हा तर १९८१ चा. शेजारचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि खानदेश मुंबई राज्यात. बोली थोडी बदलायची, पण भाषा मराठीच. लग्नं या तिन्हींत जुळायची, बाजार या तिन्हींत भरायचा, आणि सरकारं मात्र तीन. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि ही तिन्ही एका राज्यात आली. तेव्हा त्या राज्याचं नाव मुंबई होतं आणि त्यात गुजरातही होता. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० ला.

आता पहिला दावा घ्या, कारभाराच्या भाषेचा. निजामाच्या राज्यात वरच्या कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. गावात व्यवहार मराठीत चालायचा, पण प्रकरण वर गेलं की शेतकऱ्याला आपलाच कागद वाचता येत नसे. दुसऱ्याने वाचून सांगितलं त्यावर विश्वास ठेवायचा आणि अंगठा उठवायचा. हे जुनं झालं म्हणाल, तर २०२३ साल आठवा. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद आहे, दफ्तरात आहे, पण ज्याचा आहे त्याला वाचता येत नाही. ‘कारभार लोकांना कळतो’ या गाइडमधल्या मुद्द्याचा खरा अर्थ हा. विद्यार्थ्याने एवढं एक उदाहरण दिलं तरी तो मुद्दा उभा राहतो.

पण थांबा. यावरून राज्य मोडायलाच हवं, असं सिद्ध होतं का? नाही होत. हैदराबाद राज्य तसंच ठेवून मराठी जिल्ह्यांत मराठी, तेलुगू जिल्ह्यांत तेलुगू आणि कन्नड जिल्ह्यांत कन्नड कारभार करता आला असता. पहिल्या दाव्यावरून दुसऱ्यावर जायला मध्ये एक पायरी लागते आणि ठरीव उत्तरात नेमकी तीच गळते. ती पायरी अशी: जिल्ह्याचा कारभार मराठीत झाला, तरी कायदा विधानसभेत होतो, खर्चाचा निर्णय मंत्रालयात होतो आणि अपील हायकोर्टात जातं. तिथे तीन-चार भाषांचे लोक एकत्र बसले की सगळ्यांना येणारी भाषा उरते ती उर्दू नाहीतर इंग्रजी, म्हणजे शिकलेल्या थोड्यांची. सामान्य माणसाने निवडून दिलेला प्रतिनिधी तिथे मुका होतो. स्वामी रामानंद तीर्थांसारखी हैदराबादच्या मुक्तिलढ्यातली मंडळी पुढे हैदराबादच्या विभाजनाच्या बाजूने ठाम राहिली. त्यांची भूमिका समजायची तर ही पायरी धरावी लागते, नुसता संस्कृतीचा अभिमान पुरत नाही.

आता दुसरा दावा, हद्दीचा. ‘एकात्मतेला धोका’ हा मुद्दा विद्यार्थी असा लिहितो, जणू तो कायमचा सिद्धांत आहे. तो कोणी, केव्हा मांडला ते बघा. न्यायमूर्ती दार यांच्या आयोगाचा अहवाल डिसेंबर १९४८ चा. फाळणीला दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, काश्मीरात लढाई चालू होती आणि हैदराबादची पोलीस कारवाई नुकतीच सप्टेंबरात झाली होती. त्यानंतर नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांची समिती आली, तिचा अहवाल एप्रिल १९४९ चा. तिचा सूर होता ‘आत्ता नको’. काँग्रेसने स्वतःच्या प्रांतिक समित्या १९२० पासून भाषेवर रचल्या होत्या, त्यामुळे तत्त्वाला नकार देणं तिला अवघडच होतं. ‘आत्ता नको’ आणि ‘कधीच नको’ हे दोन वेगळे युक्तिवाद आहेत. पहिल्याचं उत्तर काळ देतो. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलूंचा उपोषणात मृत्यू झाला आणि पुढच्या ऑक्टोबरात आंध्र राज्य झालं. तारखा न लिहिता हा मुद्दा लिहिला की त्याचा जीवच जातो.

फाजल अली आयोगाबद्दल तर आणखी मोठी गफलत होते. ‘आयोगाने भाषावार राज्यांची शिफारस केली’ असं सरसकट लिहिलं जातं. १९५५ च्या त्या अहवालाने ‘एक भाषा, एक राज्य’ हे तत्त्व नाकारलं होतं. भाषा महत्त्वाची, पण एकमेव कसोटी नव्हे, असं त्याचं म्हणणं. आपल्या बाबतीत त्याची शिफारस काय होती? मराठवाडा मुंबईच्या द्विभाषिक राज्यात आणि विदर्भ वेगळं राज्य. म्हणजे ती शिफारस जशीच्या तशी झाली असती, तर आपल्या आणि बुलढाण्याच्या मध्ये आजही राज्याची हद्द असती, आणि दोन्हीकडे मराठीच.

शिवाय हद्द म्हणजे नकाशावरची रेघ. ती कुठून तरी जावी लागते. भाषा जिल्हा बघून थांबत नाही. १९५६ च्या कायद्यात बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके आपल्याकडे आले. भालकी आणि औराद म्हैसूरकडे गेले, जिथे मराठी बोलणारे आजही पुष्कळ आहेत. नांदेड जिल्हा आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तिकडे गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळंही गेली. उलट आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले. घटक कोणता धरायचा, जिल्हा, तालुका, मंडळ की गाव, यावर उत्तर बदलतं. बेळगावचा वाद याच प्रश्नावर अडलेला आहे. तेव्हा ‘सीमावाद निर्माण होतात’ एवढं लिहून भागत नाही. तत्त्व एक असलं तरी मोजायचा घटक ठरलेला नव्हता, म्हणून वाद होतात, असं लिहावं.

राहिला तिसरा दावा, न्यायाचा. इथे विरोधातला सगळ्यात वजनदार आवाज डॉ. आंबेडकरांचा, आणि तोच बहुतेक उत्तरांत सापडत नाही, किंवा सापडला तर चुकीच्या रकान्यात. १९५५ च्या आपल्या पुस्तिकेत ते एका राज्यात एकच भाषा असावी असं मानतात, पण एका भाषेचं एकच राज्य असावं हे मानत नाहीत. मोठ्या एकभाषी राज्यात एखाद्या मोठ्या जातीचं वर्चस्व पक्कं होईल, ही त्यांची भीती. म्हणून मराठी मुलखाचे त्यांनी चार भाग सुचवले आणि मराठवाडा मध्य महाराष्ट्रात ठेवला. आता सांगा, हे कोणत्या रकान्यात टाकणार? दुसऱ्या दाव्याला अर्धा होकार, तिसऱ्याला नकार. दोन रकान्यांत ते बसतच नाही.

ती भीती पोकळ नव्हती, हे मराठी नेत्यांनाही ठाऊक होतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांकडे खास लक्ष देण्याचं वचन दिलं आणि १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये मराठवाडा आणि विदर्भासाठी विकास मंडळांची तरतूद आली. ती मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ साली. तरतुदीपासून मंडळापर्यंत अडतीस वर्षं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तिकडे तेलंगणाने भाषा तीच असूनही २०१४ साली वेगळं राज्य घेतलं. भाषेने आपल्याला मागणी आपल्या शब्दांत मांडता आली. वाटा मिळेल याची हमी भाषेत नव्हती.

मग परीक्षेत लिहायचं कसं? दोन रकाने सोडा. तीन दावे तीन परिच्छेदांत घ्या. प्रत्येकात कोणी, केव्हा, कशासाठी हा युक्तिवाद केला ते एका वाक्यात सांगा, एक उदाहरण द्या, आणि तो युक्तिवाद कुठे थांबतो ते सांगा. शेवटी मत लिहाल तेव्हा प्रत्येक दाव्यावर वेगळं लिहा. आमचं मत विचाराल तर: कारभाराच्या भाषेबाबत पूर्ण होय, हद्दीबाबत होय, पण घटक आधी ठरवून, न्यायाबाबत नाही, त्याची तजवीज वेगळी करावी लागते. आमच्या मताशी तुमचं मत जुळलंच पाहिजे असं नाही. मात्र कोणत्या प्रश्नाचं उत्तर देत आहात, हे तपासणाऱ्याला तुमच्या पहिल्या परिच्छेदातच कळलं पाहिजे.