पानिपतानंतरचे दोन साक्षी : एका श्रुतिकेचें परीक्षण

पानिपतच्या रणसंग्रामानंतरच्या दिवसांवर लिहिलेली, नभोवाणीवर अर्ध्या तासांत सादर करावयाची एक श्रुतिका जुन्नर तालुक्यांतील एका तरुण अध्यापकानें प्रस्तुत लेखकाकडे अभिप्रायार्थ धाडली. पात्रें तीनच : एक निवेदक आणि दोन प्रत्यक्षदर्शी, म्हणजे शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित व त्या वेळीं एकोणिसाव्या वर्षांत असलेले नाना फडणीस. लढाई न दाखवितां लढाईनंतरचें दाखवावें, ही योजना मूळांत चांगली आहे. भाषाहि एकंदरींत स्वच्छ आहे. पण या दोघांच्या मुखीं जें घातलें आहे त्यांतील बरेंच त्यांनीं पाहिलेलें नाहीं, आणि एके ठिकाणीं ही चूक इतकी मोठी आहे कीं तिच्यामुळें पुढील पंधरा वर्षांचा इतिहासच अर्थहीन होतो. म्हणून या संहितेचा विचार या पृष्ठांत करणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम रचनेविषयीं. रंगभूमीवर युद्ध व वध प्रत्यक्ष दाखवूं नयेत, ते सूचित करावे, असा आपल्या नाट्यशास्त्राचा दंडक आहे; आणि सूचित करण्याचे जे पांच प्रकार सांगितले आहेत त्यांत पडद्याआडून येणाऱ्या आवाजानें वृत्त कळविणें, म्हणजे चूलिका, हा एक आहे. नभोवाणीवरील नाटक हें आरंभापासून अखेरपर्यंत चूलिकाच होय. भासाच्या ऊरुभंगांत भीम-दुर्योधनांचें गदायुद्ध होत असतां रणभूमीवर तीन सैनिक येतात व तेथें पडलेलें सारें बोलून दाखवितात. प्रेक्षकाला दिसतात ते केवळ बोलणारे. भारतांत तर ऐकणारा धृतराष्ट्र अंधच आहे, आणि त्याच्यासाठीं पाहणारा संजय आहे. श्रुतिकेचा श्रोता हा असाच धृतराष्ट्र असतो. मात्र संजयाला व्यासांनीं दिव्यदृष्टि दिली होती म्हणून तो सर्वत्र पाहूं शकला. काशीराजाला व नानांना ती नव्हती, आणि आमच्या लेखकानें ती त्यांना परभारें देऊन टाकली आहे.

आतां हे दोन साक्षी कोठें उभे होते तें पाहूं. काशीराज विजयी पक्षाच्या छावणींत, शुजाच्या आश्रयानें सुरक्षित होता. लढाई 14 जानेवारी 1761, शके 1682 पौष शुद्ध अष्टमी, या दिवशीं झाली. त्यानंतर रणावर फिरणें, प्रेतें शोधणें, त्यांच्या दहनाची परवानगी मिळविणें या गोष्टी त्यानें जवळून पाहिल्या व कांहींत स्वतः भाग घेतला. त्याचें लेखन मात्र 1780 च्या सुमाराचें, म्हणजे सुमारें वीस वर्षांनंतरचें, आणि फारसींत आहे. जेम्स ब्राउन यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, तें अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच प्रसिद्ध झालें, आणि पुढें रॉलिन्सननें 1926 मध्यें तें पुन्हा संपादिलें. नानांची गोष्ट उलट आहे. मातोश्री व पत्नी यांसह ते मराठ्यांच्या गोटांत होते; मोड झाल्यावर अंगावरील वस्त्रें टाकून पायींच पश्चिमेकडे निघाले. मातोश्री पुन्हा भेटल्या नाहींत, पत्नी वांचली. हें सारें त्यांनीं आपल्या त्रोटक आत्मवृत्तांत सांगितलें आहे. तेव्हां एकानें रण पाहिलें पण पळ पाहिला नाहीं. दुसऱ्यानें पळ भोगला पण दुसऱ्या दिवशींचें रण पाहिलें नाहीं. दोन आवाज घेण्याचें खरें कारण हेंच असावयास हवें होतें. दोघांच्या मध्यें जें रिकामें राहतें तें श्रोत्याला रिकामें म्हणूनच ऐकूं यावें.

संहितेंत तें भरून काढलें आहे. तिसऱ्या प्रवेशांत नाना अंधारांतून परत फिरतात, प्रेतांच्या राशींत भाऊसाहेबांचें कलेवर ओळखतात, आणि काशीराज दुरून तें पाहतो! श्रोत्याचे डोळे या ठिकाणीं पाणावतील यांत शंका नाहीं. पण नानांच्या आत्मवृत्तांत हें नाहीं, काशीराजाच्या वृत्तांतांत नाहीं, आणि असूंहि शकत नाहीं.

काशीराज सांगतो तें असें. राशींमध्यें एक शिर नसलेलें प्रेत सांपडलें, आणि जवळ कांहीं मोत्यें मिळालीं, त्यावरून संशय आला. भाऊसाहेबांना पूर्वीं पाहिलेल्या पंडितांना व वकिलांना आणून तें दाखविलें. त्यांनीं तीन खुणा पटविल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग; मुजफरखानाच्या प्रकरणांत 1759 सालीं पाठीवर बसलेल्या कट्यारीच्या वाराचा व्रण; आणि पायाच्या तळव्यावरील शुभरेषा. शिर पुढें एका दुराण्याजवळ मिळालें.

या तिन्ही खुणा सारख्या मोलाच्या नाहींत. व्रण सव्वा वर्षाचा, एका ज्ञात प्रसंगीं झालेला, ठिकाण ठरलेलें. ही खूण उत्तम. डाग हा जवळच्या माणसासच ठाऊक असणार. म्हणून ही खूण सांगणारा कोण तें महत्त्वाचें. तिसरी मात्र वेगळ्या जातीची आहे. इंग्रजी प्रतींत या रेषांचें नांव मोडक्या रूपांत छापलें आहे, आणि आमच्या लेखकानें तें जसेंच्या तसें 'पुदुम मच्छ' असें काशीराजाच्या तोंडीं घातलें आहे! तो शब्द पद्म-मत्स्य आहे. कमळ व मासा हीं सामुद्रिकांत राजलक्षणें म्हणून सांगितलेलीं चिन्हें होत. थोर पुरुषाच्या पायीं तीं असावयाचींच, या समजुतीनें पाहणाऱ्याला तीं दिसतात. व्रणानें मनुष्य ओळखतो. पद्म-मत्स्यानें तो थोर होता एवढेंच म्हटलें जातें. काशीराजानें तिन्ही एका ओळींत बसविल्या हें त्याच्या काळास धरून आहे. पण श्रुतिकेंत व्रण एका श्वासांत उरकून, वीणेच्या साथीवर रेषांचें वर्णन दीड पृष्ठ करावें, हें उलटें झालें.

ओळख पटविण्याचें हें प्रकरण पुढें किती जड गेलें तें सर्वांस ठाऊक आहे. भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागें लोक गेले, किल्ले गेले, आणि 1776 सालीं त्याचा निकाल लागला. त्या वेळीं कारभार कोणाच्या हातीं होता? नाना फडणिसांच्याच. नानांनीं 1761 मध्यें भाऊंचें प्रेत स्वतः ओळखलें असतें तर त्यांच्या एका शब्दानें निम्मा वाद मिटता. पार्वतीबाईंनीं 1783 मध्यें देह ठेवीपर्यंत वैधव्य स्वीकारलें नाहीं, त्याचाहि अर्थ मग लागत नाहीं. घरांतलाच माणूस डोळ्यांनीं पाहून आला असतां त्या कोणत्या आशेवर राहिल्या? तोतयाचें सारें बंड उभें राहिलें तें एवढ्याच पायावर कीं, पुण्यांतील कोणीहि तें प्रेत पाहिलें नव्हतें, आणि ज्यांनीं पाहिलें त्यांचें सांगणें शत्रूच्या छावणींतून आलें होतें. श्रुतिकेंतील तो करुण प्रवेश हा पायाच काढून घेतो.

लहान दोष लवकर सांगतों. पळाची रात्र 'अमावास्येसारखी काळीकुट्ट' म्हटली आहे. तिथि शुद्ध अष्टमी. अर्धचंद्र मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत आकाशांत होता. पळणाऱ्याला वाट दिसली ती त्याच चांदण्यांत, आणि पाठलाग करणाऱ्याला पळणारा दिसला तोहि त्याच चांदण्यांत. काळोखापेक्षां हें अधिक भयंकर नव्हे काय? मोतीं व मोहरा यांच्या सांकेतिक भाषेंतील सावकारी पत्रहि लढाईच्या संध्याकाळींच नानांच्या मुखीं आलें आहे. ग्रँट डफनें 1826 सालच्या इतिहासांत दिलेली ती हकीकत सावकाराच्या जासुदाजवळील पत्राची आहे, आणि तें उघडणारे नानासाहेब पेशवे आहेत. हिशेबाची ती भाषा पेढीवर शोभते; ज्याची आई त्याच दिवशीं हरवली त्या मुलाच्या तोंडीं शोभत नाहीं.

आंकड्यांविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे. निवेदक 'लक्षावधि' प्रेतें म्हणतो. काशीराजाच्या वृत्तांताप्रमाणें रणांत 32 राशी मोजल्या गेल्या. बहुतेकींत पांचशेंपासून हजारपर्यंत, चारांत पंधराशेंच्या आसपास, एकूण सुमारें 28,000. हें पडताळून पाहतां येतें. चार मोठ्या राशींचे 6,000 वजा केले तर 28 राशींस 22,000 उरतात, म्हणजे दर राशीस सरासरी 786. आणि हा आंकडा पांचशें व हजार यांच्या मध्येंच पडतो. सांगणारा निदान आपल्या हिशेबाशीं प्रामाणिक आहे. मात्र ही संख्या रणांतील राशींची आहे. छावणींत धरलेले व मागाहून मारलेले, वाटेंत पडलेले, हे तींत नाहींत. कैद्यांचा जो 40,000 चा आंकडा तोच देतो त्याला अशी मोजणी नाहीं. तो अंदाज आहे. वाचकाला मागचें पान उलटतां येतें, श्रोत्याला येत नाहीं; म्हणून दोन आंकडे एका दमांत सांगूं नयेत. काशीराजानें एकेक रास मोजल्याचें सांगावें, व बेरीज शेवटीं एकदां यावी. बत्तीस ही संख्या ऐकणाऱ्याच्या मनांत राहते. लक्षावधि हा शब्द रहात नाहीं.

आवाजाबद्दल आमचा पुरावा काय तो विचारूं नये. ज्या आळे गांवीं वेद बोललेल्या रेड्याची समाधि पूजिली जाते तेथील रहिवाशानें आवाजाच्या सामर्थ्याबद्दल साशंक असणें शोभत नाहीं. पण श्रद्धेनें ऐकलेला शब्द आणि साक्षीचा शब्द हे दोन आहेत. साक्षीच्या शब्दाला 'मी हें पाहिलें' आणि 'मी हें ऐकिलें' हा भेद बोलून दाखवावा लागतो, आणि काशीराज तो पुष्कळदां दाखवितो. इब्राहिमखान गारदी जखमी अवस्थेंत शुजाच्या माणसांनीं आश्रयांत घेतला व पुढें त्याला वजिराच्या स्वाधीन करावें लागलें, हें त्याच्या छावणींतील वृत्त आहे. जखमांस विष लावून त्याला मारिलें हें त्यानें ऐकिलेलें. श्रुतिकेंत दोन्ही एकाच ठाम स्वरांत येतात. नटाला येथें थोडें थांबावयास सांगितलें तरी पुरे.

संहिता पुन्हा लिहावयाची झाल्यास तिसरा प्रवेश गाळावा. त्याच्या जागीं काशीराज प्रेतावरील व्रण पाहात आहे, आणि त्याच रात्रीं कित्येक कोस पश्चिमेस नाना वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकास मातोश्रींविषयीं विचारीत आहेत, असे दोन आवाज आळीपाळीनें यावेत. निवेदकानें मध्यें बोलूं नये. तोफा व हत्तींचे चीत्कारहि काढून टाकावेत, कारण त्या वेळीं तोफा थांबल्या होत्या. पौषांतला वारा आणि वाळलेल्या गवतांतून जाणाऱ्या अनवाणी पायांचा आवाज, एवढें पुरेल.