चार खणांत न मावणारे घर

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गल्लीतून फराळाचे डबे परदेशी रवाना होतात. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी तिकडून सहकुटुंब आला होता. त्याचा आठ वर्षांचा मुलगा मराठी समजत होता, पण उत्तर मात्र इंग्रजीत देई. मास्तरकीची खोड वाईट! मी मनातल्या मनात त्या पोराला आणि त्याच्या आईबापांना नापास करून टाकले. त्यानंतर झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही २००३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी पुन्हा वाचली आणि त्या निकालाची मला लाज वाटू लागली. या लेखाचे निमित्त तेवढेच.

जॉन बेरी नावाच्या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने परक्या मुलुखात स्थायिक होणाऱ्यांसंबंधी एक सुटसुटीत कोष्टक मांडले आहे. तो दोनच प्रश्न विचारतो. आपले मूळचे वळण टिकवायचे का? आणि नव्या समाजाशी मिसळायचे का? दोन्हींना होकार दिला तर माणूस दोहोंचा मेळ घालतो. पहिल्याला नकार आणि दुसऱ्याला होकार दिला तर तो नव्यात विरघळतो. याच्या उलट झाले तर आपल्यापुरते कुंपण घालून राहतो. दोन्हींना नकार आला तर तो कुठलाच न राहता काठावर पडतो. कोष्टक सोपे आहे आणि उपयोगीही आहे. पण कादंबरीतले गांगुली कुटुंब त्या चार खणांत बसवू लागलो की एकाचा पाय बाहेर राहतो, तर दुसऱ्याचा हात.

आशिमाचेच पाहा. कादंबरी उघडते ती १९६८ साली, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी. पहिलटकरीण आशिमा स्वयंपाकघरात उभी राहून डबाबंद तांदळाच्या लाह्या, शेंगदाणे आणि कांदा कालवीत असते. कलकत्त्याच्या रस्त्यावरच्या मुरीची ती नक्कल. मोहरीचे तेल मात्र नाही! पुढे हीच बाई मुलासाठी आठवड्यातून एकदा अमेरिकन जेवण रांधते, पण त्यात खिमा घालते तो मेंढीचा. दुर्गा आणि सरस्वती यांच्या पूजा भाड्याच्या सभागृहात, सोयीच्या शनिवारी होतात, आणि नाताळचा थाट वर्षागणिक वाढत जातो. आता ही बाई कोणत्या खणात घालायची? ताटात एक उत्तर, सणाला दुसरे, आणि शनिवार-रविवारी बंगाली मंडळींच्या घोळक्यात तिसरे. माणूस असा एकदाच निर्णय घेऊन मोकळा होत नाही. तो तेलातुपापासून रोज थोडाथोडा घेत असतो.

कादंबरीचा गाभा आहे नाव. आपल्याकडे जसा घरात बंड्या आणि हजेरीपटावर पुरुषोत्तम, तसे बंगाल्यांत घरचे ‘डाकनाम’ आणि जगापुढचे ‘भालोनाम’. आशिमाच्या आजीने नाव सुचवलेले पत्र वाटेत गहाळ होते, आणि दाखल्यावर नाव घातल्याखेरीज इस्पितळ आई-मुलाला घरी सोडीत नाही. बाप अशोक वेळ निभावण्यासाठी ‘गोगोल’ लिहून देतो. आगगाडीच्या अपघातातून ज्या लेखकाचे पुस्तक हाती असताना तो वाचला, त्याचे हे नाव. पुढे शाळेत घालताना आईबाप ‘निखिल’ हे भालोनाम सांगतात. पण मुलगा त्या नावाला ओ देत नाही, तेव्हा मुख्याध्यापिका त्यालाच त्याची इच्छा विचारते आणि पटावर गोगोलच लिहिते.

हा प्रसंग मी शिक्षक या नात्याने दोनदा वाचला. त्या बाईंचे काय चुकले? काहीच नाही. त्यांनी मुलाला मान दिला. परंतु जिथे नाव ही वडिलधाऱ्यांनी द्यायची वस्तू आहे, तिथली एक सबंध चाल त्या एका मायाळू प्रश्नाने मोडली. संस्कृतींची गाठ पडते ती अशी, लढाई न होता आणि दोन्ही बाजू सज्जन असताना. लेखिकेचे हे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. ते घरातूनच आले असावे. ‘झुंपा’ हेही घरचेच नाव, शाळेतल्या शिक्षकांना सोपे वाटले म्हणून कायमचे चिकटलेले.

कोष्टकाची दुसरी अडचण अशी, की दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या एकट्याच्या हाती नसतात. समोरच्याने दार उघडावे लागते. बेरीलाही हे ठाऊक आहे. मेळ घालायचा तर यजमान समाजाचे मन मोकळे हवे, असे तो बजावतो. कादंबरीत गांगुलींच्या टपालपेटीवरच्या नावातली अक्षरे कोणीतरी खोडून विटंबना करतो. पोरांचा खेळ म्हणून बाप हसण्यावारी नेतो, पण मुलाला ते झोंबते. पुढे अठराव्या वर्षी कायदेशीरपणे निखिल झालेला हा तरुण मॅक्सीन नावाच्या मैत्रिणीच्या सुखवस्तू घरात पार विरघळू पाहतो. तिथेही मेजवानीत एक बाई त्याला भारतातला समजून बोलते. मॅक्सीनची आई त्याची बाजू घेते, तो अमेरिकनच आहे म्हणते, आणि लगेच वळून त्यालाच विचारते की तुझा जन्म इथलाच ना? त्या एका शंकेत सारे आले!

मग दूर ओहायोत बाप अचानक हृदयविकाराने जातो. मॅक्सीनच्या घरी रमलेला मुलगा आईजवळ परततो आणि सुतकातले साधे जेवण मुकाट्याने जेवतो. लहानपणी ज्या चालीरीतींचा त्याला कंटाळा, त्यांचा अर्थ आता कोणी न शिकवता कळतो. मॅक्सीनला त्या दुःखात जागा उरत नाही आणि संबंध तुटतो. विरघळलेला माणूस असा एका मृत्यूने पुन्हा साकळतो. वय आणि प्रसंग यांबरोबर खण बदलतात, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नपत्रिकेत कसे दिसावे?

मौशुमीचे पात्र मात्र टीकाकारांनी उगाच दुष्ट ठरवले. निखिलची ही बंगाली बायको, तिला बंगालीपणही नको आणि अमेरिकनपणही. ती फ्रेंच भाषेत शिरते, पॅरिसला जाते. बेरीच्या हिशेबाने ती चौथ्या खणातली, काठावरची. पण तिने दोन घरे नाकारून तिसरे बांधले, हे कोष्टकाला दिसत नाही. स्वतः लेखिका २०१२ मध्ये रोमला राहायला गेली आणि इटालियनमध्ये लिहू लागली, तेव्हा मला मौशुमीचीच आठवण झाली. तक्रार असलीच तर ही, की लेखिकेने जे स्वतः जगून दाखवले त्याला कादंबरीत तिने व्यभिचाराचा शेवट दिला आणि मौशुमीचे मन पुरते उलगडले नाही.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. हे प्राध्यापकाचे घर आहे. १९६५ च्या कायद्याने शिकलेल्या आशियाई माणसांना अमेरिकेचे दार उघडले, त्यांतले. ज्याला कागदपत्रे नाहीत, भाषा नाही, पगार नाही, तो काठावर पडतो तेव्हा ती त्याची निवड नसते. तो खरा चौथा खण या पुस्तकात नाही.

शेवटी आशिमा घर विकते. सहा महिने कलकत्ता, सहा महिने अमेरिका असे ती ठरवते. तिच्या नावाचा अर्थच सीमा नसलेली. मोहरीच्या तेलासाठी हळहळणाऱ्या त्या पोरीला इथवर यायला बत्तीस वर्षे लागली.

आणि मी एका आठ वर्षांच्या पोराला एका दुपारी नापास केले होते! यंदाच्या डब्यात त्याच्यासाठी चकल्या जास्त घातल्या आहेत. सोबतचे पत्र मराठीतच लिहिले आहे. उत्तर तो कुठल्या भाषेत देतो, ते त्याच्यावर सोडले आहे.